करवंदाची बरणी: तेल, दादरा आणि लेबल

कसाऱ्याच्या जंगलात एप्रिल लागला की हिरवी करवंदं उतरतात आणि मेअखेर ती काळी होऊन संपतात. लोणच्याची करवंदं कच्चीच लागतात, म्हणून आमचं वर्षभराचं काम त्या थोड्या आठवड्यांत बसतं. घरगुती लोणचं करणारं घर आमच्या भागात नवं नाही. पण ते काचेच्या बरणीत भरून, तोंडावर कापड बांधून, लेबल लावून कल्याण-डोंबिवलीपर्यंत विकायचं म्हटलं की बरणीतल्या लोणच्याइतकंच बरणीकडेही लक्ष द्यावं लागतं. तेल, कापड आणि कागद या तीन गोष्टी एकमेकींच्या वाटेला गेल्या की बरणी बिघडते, आणि आपापल्या जागी राहिल्या की टिकते. माझ्या सगळ्या अनुभवाचा गोषवारा एवढाच आहे. बाकी तपशील खाली देते. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे २५० ग्रॅमची एकच बरणी धरली आहे.

१. बरणी झाकणावरून निवडावी

दुकानात बरणी हातात घेतली की माणूस काच किती स्वच्छ आहे ते पाहतो. मी आधी झाकण उलटं करून बघते. पत्र्याच्या, पाव फेरा फिरवला की बसणाऱ्या झाकणाच्या आत एक मऊ कडं असतं. मुरांब्याला ते चालतं. लोणच्यात मीठ, आंबटपणा आणि तेल तिन्ही एकत्र येतात. मीठ आणि आंबटपणा पत्र्याच्या कडेला गंज चढवतात, आणि तेल काही प्रकारच्या मऊ कड्यांना हळूहळू फुगवतं किंवा मऊ करतं. म्हणून झाकण घेताना ‘तेलकट पदार्थाला चालेल का’ हे विचारून घ्यावं. गंजाच्या खुणा झाकणाच्या आतल्या वळणावर आधी दिसतात, बाहेर फार उशिरा. जाड प्लास्टिकचं, आत चकती असलेलं झाकण दिसायला साधं वाटलं तरी लोणच्याला जास्त निर्धास्त असतं. शिवाय वरून कापड येणार असेल तर झाकणाचं रूप तसंही झाकलं जातं.

नवीन माल आला की त्यातल्या चार-पाच बरण्यांत नुसतं तेल भरून, झाकण घट्ट लावून, त्या वर्तमानपत्रावर रात्रभर उलट्या ठेवायच्या. सकाळी कागदावर तेलाचं कडं उमटलं असेल तर तो माल लोणच्याला नाही. ही परीक्षा पाण्यावर करून उपयोग नाही, कारण जिथून पाणी निघत नाही तिथूनही तेल वाट काढतं. बरणीच्या ओठावरून नखही फिरवावं. डोळ्याला न दिसणारा टवका नखाला लागतो, आणि गळती तिथूनच सुरू होते.

गिऱ्हाइकांनी परत केलेली काच पुन्हा वापरता येते. झाकण मात्र दर वेळी नवं. जुन्या कड्यात आधीच्या पदार्थाचा वास बसलेला असतो आणि तो कितीही उकळलं तरी जात नाही.

२. तेलाचा थर मोजून ठेवावा

बरणीच्या वरच्या भागात चमकणारं लालसर तेल बघूनच लोक हात पुढे करतात, हे खरं आहे. पण ते तेल तिथे हवा अडवण्यासाठी असतं. बुरशीला वाढायला हवा लागते, आणि फोड तेलाखाली बुडाली की तिला ती मिळत नाही. एखादं करवंद तेलाबाहेर डोकं काढून बसलं, तर पांढरी लव पहिल्यांदा त्याच्याच टाळूवर येते.

भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत तेलातल्या लोणच्यासाठी वरचा थर किमान ०.५ सेंटिमीटर किंवा एकूण तेल किमान १० टक्के असावं असं म्हटलं आहे. फळांचं निथळलेलं वजन ६० टक्क्यांहून कमी नसावं, अशीही अट आहे. म्हणजे तेल कमी पडून चालत नाही आणि तेलानेच बरणी भरूनही चालत नाही.

आता हिशेब. आमच्या बरणीचा आतला व्यास ६ सेंटिमीटर आहे. त्यात अर्धा सेंटिमीटर उंचीचा थर म्हणजे साधारण १४ मिलिलिटर, वजनात १३ ग्रॅम तेल. एक किलो कच्च्या करवंदांना मी १७० ग्रॅम मीठ, ८० ग्रॅम मोहरीची डाळ, ६० ग्रॅम तिखट, थोडी हळद, मेथी आणि हिंग घेते, आणि वर ३०० मिलिलिटर तेल. सगळं मिळून १६०० ग्रॅमच्या जरा पुढे जातं. त्यातून सहा बरण्या होतात. वरच्या थराला सहा बरण्यांत मिळून ८४ मिलिलिटर तेल लागतं, म्हणजे तीनशेतलं पाव भागाहून जास्त तेल निव्वळ झाकणीला जातं. बरणी रुंद तोंडाची घेतली की हा आकडा वाढतो, आणि खांद्याशी निमुळती होणारी घेतली की घटतो. भाव ठरवताना बरणीचा आकार हिशेबात धरावा लागतो तो यासाठी.

तेल कोणतं, हाही प्रश्न येतो. आमच्याकडच्या वरकस जमिनीवर खुरासणी होते आणि तिचं तेल घराघरांत वापरलं जातं. ताज्या भाजीला त्याची चव न्यारी, पण ते लवकर खवट होतं. वर्षभर ठेवायच्या लोणच्याला मी शेंगदाण्याचं तेल घेते. हे तेल फ्रीजमध्ये गढूळ होतं आणि बाहेर काढलं की पुन्हा निवळतं. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवलं की ‘लोणचं बिघडलं’ असा फोन येत नाही.

३. मुरण मोठ्या बरणीत, भरणी छोट्या बरणीत

ताजं कालवलेलं लोणचं सरळ विक्रीच्या बरणीत भरलं तर दोन गोष्टी होतात. मिठामुळे करवंद पाणी सोडतं आणि आक्रसतं, आणि फोडींमधली हवा बुडबुड्यांनी वर येते. तेलाची पातळी खाली जाते, बरणी अर्धवट रिकामी दिसते, आणि गिऱ्हाईक वजनावरून भांडतं.

म्हणून आधी चिनी मातीच्या मोठ्या बरणीत मुरवायचं. करवंदाचा चीक हाताला आणि विळीला चिकटतो. तेव्हा हाताला तेल लावून देठ काढायचे, फळं मिठाच्या पाण्यात धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करायची आणि प्रत्येकाला एक चीर द्यायची. चीर नसेल तर मीठ आतपर्यंत जात नाही. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करायचं. कोमट तेलही चालत नाही, कारण त्याच्या उबेने करवंदातल्या पाण्याची वाफ होते आणि ती झाकणाखाली थेंब होऊन परत लोणच्यात पडते. मोठ्या बरणीच्या तोंडाला कोरडा दादरा बांधायचा आणि रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवायचं. बुडबुडे थांबले आणि करवंदाचा हिरवा रंग ओसरून ते खाकी दिसू लागलं की भरायला घ्यायचं.

भरताना थोडं घालायचं, बरणी हातावर ठोकायची, कडेने कोरडी सुरी फिरवून अडकलेली हवा काढायची, मग पुढचा थर. सगळ्यात वर तेल. तेल आणि झाकण यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडायची. तेल तापलं की फुगतं, दर दहा अंशांना साधारण शंभरातलं पाऊण भाग. हायवेवर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेली, काठोकाठ भरलेली बरणी घाट चढून इगतपुरीला पोचेपर्यंत तोंडाशी तेल सोडते, मग झाकण कितीही चांगलं असो.

४. पाणी हाच शत्रू, आणि त्याच्या खुणा तेलातच दिसतात

बरणी धुऊन, थंड पाण्यात ठेवून, पाण्यासकट हळूहळू उकळायची. थंड बरणीवर एकदम उकळतं पाणी ओतलं की साधी काच तडकते. मग ती स्वच्छ फडक्यावर उपडी घालून वाळवायची. मे महिन्यात आमच्याकडे ऊन एवढं असतं की दुपारपर्यंत काम होतं. जूनच्या मध्यापासून मात्र घाटाच्या पायथ्याचा पाऊस सुरू झाला की काच कोरडी दिसते, पण असत नाही. अशा दिवसांत भरणी करायची वेळ आली तर बरणी ओव्हनमध्ये किंवा कोमट तव्याजवळ ठेवून वाळवावी आणि पूर्ण गार झाल्यावर भरावी. पावसाळ्यात भरायचं शक्यतो टाळते. आमची बहुतेक भरणी पहिल्या पावसाच्या आधी उरकते.

पाणी राहिलं आहे हे कळतं कसं? तेल पारदर्शक न राहता दुधट होतं. तळाशी तेल आणि पाणी यांच्यात रेघ दिसते. झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, किंवा ते मध्ये फुगलेलं असतं. पांढरे कण दिसले तर घाबरायच्या आधी चिमटीत घेऊन पाहावं. मिठाचे खडे कोरडे, कडक असतात आणि पाण्यात विरघळतात. बुरशी लवदार असते, दोऱ्यासारखी ताणली जाते आणि तिला कुबट वास असतो. खडे असतील तर लोणचं ठीक. बुरशी असेल, किंवा झाकण फुगलं असेल, तर वरचं काढून खालचं विकण्याचा विचारही करू नये. पूर्ण बरणी टाकावी.

५. आंबटपणाचं काम तेल करत नाही

हे सगळ्यात कमी बोललं जातं. तेलाने हवा अडते, त्यामुळे बुरशी अडते. पण काही जिवाणू हवेशिवायच वाढतात, आणि त्यांचं विष चवीला किंवा वासाला कळत नाही. त्यांना अडवतो तो आंबटपणा, सोबतीला मीठ. कच्चं करवंद आणि कच्चा रायवळ आंबा मुळातच इतके आंबट असतात की तिथे ही काळजी जवळपास मिटते.

पण पावसाळ्यात आमच्या जंगलातून बांबूचे कोवळे कोंब येतात. लोक त्यांची भाजी करतात, आणि गिऱ्हाईक विचारतं की याचं लोणचं का नाही? लसूण, गाजर, बांबू यांत स्वतःची आंबट चव फार थोडी. अशी वस्तू नुसत्या तेलात बुडवून खोलीच्या तापमानाला ठेवणं धोक्याचं आहे. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पुरेसं घालून सामू ४.६ च्या खाली आणावाच लागतो, आणि मी तर ४ च्या आसपासच थांबते. सामू मोजायच्या पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. तेलकट थेंबावर पट्टी नीट रंग देत नाही, म्हणून फोड वाटून, तेल बाजूला सारून तपासावी. ज्याला मोजायचं नाही त्याने करवंद आणि आंबा यांवरच राहावं. त्यात कमीपणा काही नाही.

६. कापड झाकणावर, तोंडावर कधीच नाही

घरातल्या मोठ्या बरणीचा दादरा हवा खेळती ठेवतो आणि धूळ अडवतो. तो रोज काढला जातो, धुतला जातो. विक्रीच्या बरणीवरचं कापड निव्वळ सजावटीचं असतं आणि ते आधी बंद केलेल्या झाकणाच्या वरून बसतं. हे दोन्ही एक समजून काही जण झाकणाखालीच कापड दाबतात, म्हणजे ते बाहेर झालरीसारखं दिसतं. तसं केलं की कापडाच्या धाग्यांतून तेल वर चढतं, बरणीच्या अंगावर ओघळतं, आणि त्याच वाटेने पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते. दिव्याची वात तेल कसं ओढते, तेच इथे होतं.

कापड मांजरपाटाचं घ्यावं. ते आधी एकदा गरम पाण्यात धुऊन वाळवावं, म्हणजे खळ निघते. खळ राहिलेल्या कापडाला दमट हवेत काळे ठिपके पटकन पडतात. झाकणाचा व्यास ६.३ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंची उंची मिळून अडीच आणि खाली लोंबणारी झालर दोन्हीकडे मिळून पाच, म्हणजे जवळपास १४ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. ९० सेंटिमीटर पन्ह्याच्या एका मीटर कापडातून असे बेचाळीस तुकडे निघतात. कडा नागमोडी कात्रीने कापल्या की धागे सुटत नाहीत आणि शिवणकाम वाचतं. बांधायला सुती दोरा घ्यावा. सुतळीच्या तागाला स्वतःचा वास असतो आणि तिचे बारीक तंतू झाकण उघडताना लोणच्यात पडतात.

पावसाळ्यात जाणाऱ्या मालावर मी कापड बांधत नाही. ते घडी करून सोबत देते, किंवा देतच नाही. फ्रान्सच्या बॉन ममाँ या मुरांब्याच्या कंपनीच्या बरण्या पाहिल्यात का? त्यांच्या झाकणावर लाल-पांढऱ्या चौकड्या असतात. ते कापड नसतं, पत्र्यावरची छपाई असते. कापडाचा घरगुती भाव ठेवायचा आणि कापडाचा त्रास टाळायचा, असा तो सरळ व्यवहार आहे. आपणही झाकणावर छापील गोल स्टिकर लावून तेच करू शकतो.

७. लेबलाची जागा आधी मोजावी, मग चित्र काढावं

बरणीचा बाहेरचा व्यास ७ सेंटिमीटर असेल तर तिचा घेर २२ सेंटिमीटर होतो. पूर्ण घेराला लेबल गुंडाळलं की आतलं लोणचं दिसत नाही. १५ सेंटिमीटर रुंद लेबल लावलं की मागे ७ सेंटिमीटरची खिडकी उरते, आणि गिऱ्हाईक तिथूनच करवंद बघतं. उंची बरणीच्या सरळ भिंतीवरच धरावी. आमच्या बरणीची सरळ भिंत ६ सेंटिमीटर, म्हणून लेबल ५ सेंटिमीटर उंच. खांद्याच्या वळणावर चढलेल्या लेबलला हमखास सुरकुती पडते आणि कोपरा सुटतो. तेलाची रेघ लेबलच्या वरच्या काठाच्या वर राहील असंच भरावं, म्हणजे थर पुरेसा आहे हे न उघडता दिसतं.

खाकी जाड कागदाचं लेबल बरणीला शोभतं, पण तेलाचा एक थेंब पडला की त्यावर डाग पसरतो. कागदच हवा असेल तर वरून पारदर्शक पट्टी लावून घ्यावी, नाहीतर प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर खाकी रंग छापून घ्यावा. चिकटवण्याआधी बरणी साबणाच्या गरम पाण्याने पुसायची, वाळवायची आणि मग स्पिरिटच्या बोळ्याने लेबलची जागा पुन्हा पुसायची. भरताना हाताला लागलेलं तेल बरणीवर जातं, ते डोळ्याला दिसत नाही, पण डिंकाला कळतं. म्हणून भरणी आणि लेबल यांचं टेबल वेगळं आणि हात वेगळे असावेत.

८. लेबलवर आधी कायद्याची जागा, मग आपलं नाव

नाना रंग आणि डोंगराचं चित्र यांच्या आधी लेबलवर काही गोष्टी याव्याच लागतात. पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि कधीपर्यंत खावं याची तारीख, सर्व करांसह कमाल किंमत आणि प्रति ग्रॅम भाव, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक त्यांच्या चिन्हासह, आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका. आमच्या ७५ चौरस सेंटिमीटरच्या लेबलवर तो ठिपका किमान ३ मिलिमीटर व्यासाचा आणि भोवतीचा चौकोन त्याच्या दुप्पट बाजूचा लागतो. घरगुती उद्योगाची नोंदणी मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क होतं आणि वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख होती. अर्ज करण्याआधी आजचा आकडा पाहून घ्यावा.

बऱ्याच जणींना एक गोष्ट ठाऊक नसते. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी सोबत छापता येते, पण नुसती मराठी पुरत नाही. आम्ही समोर मराठी नाव मोठं छापतो आणि बाजूला नियमाची माहिती इंग्रजीत.

निव्वळ वजन म्हणजे बरणी वगळून लोणच्याचं, तेलासकट. ते मिलिलिटरवरून काढू नये. रिकामी बरणी काट्यावर ठेवून शून्य करावं आणि भरून पाहावं. तारखेसाठी लेबलमध्ये एक पांढरा चौकोन रिकामा सोडावा आणि तो भरणीच्या आधी बॉलपेनने भरावा. मार्करची शाई तेलकट बोटाने पुसली जाते आणि तारीख नसलेली बरणी विकता येत नाही.

९. मांडणीची बरणी वेगळी, विक्रीची वेगळी

तेलाची लाली उन्हात सुंदर चमकते, म्हणून रस्त्याकडेच्या टपरीवर किंवा मुंबईतल्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात पहिल्या रांगेत बरण्या उन्हात मांडल्या जातात. हळदीचा आणि मिरचीचा रंग प्रकाशात उडतो आणि तेल खवट व्हायला लागतं. पुढे एक बरणी दाखवायला ठेवावी, ती विकू नये, आणि बाकीच्या खोक्यात सावलीत ठेवाव्यात. खवटपणाची परीक्षा नाकाची आहे. झाकण उघडल्या उघडल्या जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ते तेल गेलं.

शेवटी एकच सांगणं. लेबलांची मोठी छपाई किंवा कापडाचं ठाण घेण्याआधी एक बरणी पूर्ण तयार करा. तिच्यावर लेबल लावा, कापड बांधा, तिला आठवडाभर आडवी ठेवा, एकदा लोकलच्या गर्दीतून कल्याणला नेऊन आणा. लेबल सुटलं नाही, कापडाला डाग पडला नाही आणि तेलाची रेघ जागची हलली नाही, तरच बाकीच्या बरण्या भरायला घ्या.